सर्व्हिस चार्ज, त्यावरचा जीएसटी आणि चाळीस रुपयांची पाण्याची बाटली: हॉटेलच्या बिलावर काय विचारता येतं, काय नाही

प्रश्न: रविवारी सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका ए.सी. फॅमिली रेस्टॉरंटमध्ये आम्ही सहा जण जेवलो. मटण थाळी ३८० प्रमाणे चार, शाकाहारी थाळी २४० प्रमाणे दोन, जादा कडक भाकरी २० प्रमाणे सहा, पाण्याच्या बाटल्या ४० प्रमाणे दोन (बाटलीवर छापील किंमत २०). एकूण २,२०० झाले. त्यावर सर्व्हिस चार्ज १० टक्के म्हणजे २२०, मग सीजीएसटी ६०.५०, एसजीएसटी ६०.५०, शेवटी २,५४१. मॅनेजर म्हणाला, "मेनूवर खाली छापलंय, सगळ्यांकडनं घेतो." बाबा म्हणाले, देऊन टाक, तमाशा नको. दिले. यात काय विचारायला हवं होतं? आणि आता काही करता येईल का?

उत्तर: २,५४१ मधले २३१ रुपये तुम्हाला नाकारता आले असते. बिलावरचा जीएसटी नंबर ठीकठाक असेल, तर उरलेले २,३१० द्यावेच लागले असते, पाण्याच्या बाटल्यांसकट. आणि पैसे देऊन झाले असले तरी तक्रार करता येते. आता हे २३१ कसे आले ते बघू, कारण बहुतेक जण इथे २२० वरच थांबतात.

आधी सर्व्हिस चार्ज. हा कर नाही. त्यातला एक रुपयाही सर्व्हिस चार्ज म्हणून सरकारकडे जात नाही, तो हॉटेलच्या गल्ल्यात पडतो. लोकांचा घोळ होतो तो नावामुळे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तोवर ए.सी. हॉटेलच्या बिलावर सर्व्हिस टॅक्स नावाचा खराखुरा कर असायचा. तो त्या दिवशी संपला. पण 'सर्व्हिस' हा शब्द बिलावर दिसायची सवय राहिली, आणि सर्व्हिस चार्ज त्याच ओळीत, त्याच टायपात छापला की बघणाऱ्याला तो सरकारीच वाटतो. आजच्या तारखेला कुणाच्या बिलावर 'सर्व्हिस टॅक्स' किंवा 'सेवा कर' असं छापलेलं दिसलं, तर ती ओळ सरळसरळ चुकीची आहे. 'सर्व्हिस चार्ज' किंवा 'सेवा शुल्क' असेल, तर ती हॉटेलची मागणी आहे, सरकारची नाही.

या मागणीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. तुमच्या बिलाशी थेट संबंध असलेल्या गोष्टी अशा: हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात टाकायचा नाही. दुसरं नाव देऊनही तो घ्यायचा नाही. 'स्टाफ वेल्फेअर', 'स्टाफ कॉन्ट्रिब्युशन' वगैरे म्हटल्याने वस्तू बदलत नाही. तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. न देणाऱ्याला आत घेणं किंवा वाढणं नाकारायचं नाही. आणि तो जेवणाच्या रकमेत मिळवून त्या बेरजेवर जीएसटी लावायचा नाही. तुमच्या बिलात पहिली आणि शेवटची, दोन्ही गोष्टी मोडल्या आहेत.

आता "मेनूवर छापलंय" या उत्तराचं. हे मॅनेजरने जागच्या जागी शोधलेलं कारण नाही. हॉटेलवाल्यांच्या दोन देशव्यापी संघटना या सूचनांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा त्यांचाही रोख हाच होता: मेनूवर आधी सांगितलं, ग्राहकाने वाचून ऑर्डर दिली, म्हणजे करार झाला. सूचनांना जुलै २०२२ मध्येच स्थगिती मिळाली होती, त्यामुळे मधली जवळजवळ पावणेतीन वर्षं कुणालाच ठामपणे काही म्हणता येत नव्हतं. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने दोन्ही याचिका फेटाळल्या, सूचना कायम ठेवल्या आणि सक्तीने सर्व्हिस चार्ज घेणं कायद्याला धरून नाही असं म्हटलं. दोन्ही याचिकाकर्त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्चही लावला. या निकालावर त्याच न्यायालयाच्या खंडपीठाकडे अपील झालं आहे. म्हणून गल्ल्यावर उभं राहून "सुप्रीम कोर्टाने बंदी घातलीये" असं म्हणू नका, तसं काही झालेलं नाही आणि समोरचा जाणकार असेल तर तुमचा मुद्दा तिथेच लंगडा पडतो. "ऐच्छिक आहे, मला द्यायचा नाही" एवढं पुरतं.

दर जास्त ठेवायला कुणाची बंदी नाही, हेही लक्षात असू द्या. मालकाने उद्या मटण थाळी ३८० ची ४१८ केली तर त्यावर ग्राहक कायद्याचा आधार घेऊन भांडता येणार नाही. परवडत नसेल तर दुसरीकडे जायचं. हरकत आहे ती एका गोष्टीला: मेनूवर एक दर दाखवायचा आणि बिलात तळाशी त्याचा दहावा हिस्सा परत वर चढवायचा. वेटरला काही द्यायचं असेल तर ते बिलाबाहेर, त्याच्या हातात द्या. सर्व्हिस चार्ज दिला म्हणजे तो वाढप्याला मिळालाच असं गृहीत धरू नका. तो कसा वाटायचा हे मालक ठरवतो.

आता २२० चे २३१ कसे होतात ते. तुमच्या बिलात मशीनने आधी २,२०० मध्ये २२० मिळवले, २,४२० केले आणि त्यावर अडीच-अडीच टक्के काढले. २,४२० चे ५ टक्के म्हणजे १२१. सर्व्हिस चार्ज नसता तर २,२०० चे ५ टक्के म्हणजे ११० झाले असते, ५५ आणि ५५. म्हणजे सर्व्हिस चार्जने स्वतःसोबत ११ रुपयांचा जीएसटीही आणला. बिल व्हायला हवं होतं २,३१०. मॅनेजरने "बरं, २२० कमी द्या" म्हणून २,३२१ घेतले असते, तर तुम्ही न दिलेल्या शुल्कावरचा कर मात्र दिला असता.

इथे एक बारीक गोष्ट आहे, तिच्यावरून वाद उगाच वाढतो. ग्राहक म्हणतो, "सर्व्हिस चार्जवर जीएसटी कसा लावला? ही तर लूट." गल्ल्यावरचा म्हणतो, "आमच्या सीएने सांगितलंय, लावावाच लागतो." दोघंही अर्धे बरोबर असतात. जीएसटी कायद्याच्या कलम १५ नुसार पुरवठ्यासोबत विक्रेता जे काही जादा शुल्क घेतो, ते कराच्या हिशेबात धरावं लागतं. म्हणजे एकदा हॉटेलने सर्व्हिस चार्ज बिलात घेतलाच, तर त्यावरचा कर सरकारकडे भरणं त्याला चुकत नाही. हे ११ रुपये बहुधा त्याच्या खिशात गेलेलेच नाहीत. म्हणून ११ रुपयांवरून सुरुवात करू नका. २२० ची ओळ काढायला सांगा, ती निघाली की ११ आपोआप निघतात, कारण बिलिंगचं सॉफ्टवेअर कर नव्याने मोजतं. फक्त नवं बिल छापून घ्या आणि त्यावर ५५ आणि ५५ आहे का ते बघा. पेनाने २२० वर काट मारून खाली नवीन आकडा लिहिलेलं बिल घेऊ नका, त्यात नेमका हाच कर मागे राहतो.

आता ५ टक्क्यांकडे. "ए.सी. आहे म्हणून १८ टक्के" हे वाक्य अजून कुठेकुठे ऐकू येतं. ते २०१७ सालातल्या साडेचार महिन्यांचं आहे: तेव्हा बिगर-ए.सी. ला १२ आणि ए.सी. ला १८ असा दर होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या उपाहारगृहाला, ए.सी. असो वा नसो, बसून खा वा पार्सल न्या, ५ टक्केच लागतात. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे टप्पे बदलले, तेव्हाही हा दर तसाच राहिला. १८ टक्के लागू शकतात ते राहण्याची सोय असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला: जिथे आदल्या आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० च्या वर घेतलं गेलं, किंवा १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानुसार त्या हॉटेलने आपणहून तसं घोषणापत्र दिलं आहे. ज्याच्याकडे भाड्याने द्यायला खोल्याच नाहीत त्याला हा पर्याय नाही. तेव्हा खोल्या नसलेल्या फॅमिली रेस्टॉरंटच्या बिलावर ९ आणि ९ दिसले, तर ते थेट विचारायचं. तुमच्याच बिलावर हा फरक ११० ऐवजी ३९६ एवढा पडला असता, सर्व्हिस चार्जपेक्षाही मोठा.

पण ५ टक्के बरोबर असले तरी तो घ्यायचा हक्क प्रत्येकाला नसतो. माझ्या मते सर्व्हिस चार्जपेक्षा इथे जास्त लक्ष द्यायला हवं, कारण सर्व्हिस चार्ज निदान मोठ्या अक्षरांत दिसतो, हे दिसत नाही.

वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेल्या आणि दारू न देणाऱ्या हॉटेलला 'कंपोझिशन' योजना घेता येते. त्यात मालक आपल्या उलाढालीवर ५ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरतो. आकडा तोच, ५, म्हणून गोंधळ होतो. पण हा कर त्याला ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. कायद्यात कलम १० मध्ये तशी स्पष्ट मनाई आहे. त्याने 'टॅक्स इन्व्हॉइस' द्यायचं नसतं, 'बिल ऑफ सप्लाय' द्यायचं असतं. त्या बिलाच्या माथ्यावर आपण कंपोझिशनमध्ये आहोत आणि कर घ्यायला पात्र नाही असं छापायचं असतं, आणि दुकानात दर्शनी जागी तशी पाटीही लावायची असते. दुसरा प्रकार छोट्या खानावळींचा. वर्षाला २० लाखांच्या आतली उलाढाल असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही, पण नोंदणी नाही म्हणजे जीएसटीच्या नावाने एक पैसाही घेता येत नाही. तिसरा प्रकार नंबर रद्द झालेल्यांचा. नंबर गेला, बिलाचा नमुना मात्र मशीनमध्ये जुनाच राहिला.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. बिलावर १५ अक्षर-अंकांचा जीएसटी नंबर शोधा. महाराष्ट्रातल्या हॉटेलचा नंबर २७ ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा किंवा फर्मचा पॅन. बिलावर बहुधा १४ आकड्यांचा आणखी एक नंबर असतो, त्यात अक्षरं नसतात; तो अन्न परवान्याचा, त्याचा कराशी संबंध नाही. नुसता तोच असेल आणि तरी खाली जीएसटी लावला असेल, तर तिथेच शंका घ्यायला जागा आहे. नंबर सापडला की मोबाइलवर services.gst.gov.in उघडा, Search Taxpayer मध्ये Search by GSTIN/UIN निवडा, नंबर आणि चित्रातली अक्षरं टाका. जे पान येतं त्यात तीन ओळी वाचायच्या. Trade Name समोर त्याच हॉटेलचं नाव आहे का. GSTIN / UIN Status समोर Active आहे का. आणि Taxpayer Type समोर Regular आहे की Composition.

Active आणि Regular आलं, तर तुमचे ११० रुपये बरोबर आहेत आणि बिल २,३१० चं. Composition आलं, तर करापोटी काहीच घेता येत नाही, बिल २,२०० वर थांबतं. Cancelled आलं तरीही तेच. Trade Name वेगळं दिसलं म्हणून लगेच चोर ठरवू नका. एकाच पॅनवर दोन-तीन व्यवसाय असतात, बिलावर पाटीचं नाव आणि नोंदणीत फर्मचं नाव असंही होतं. अशा वेळी पत्ता जुळतो का बघा. आणखी एक मर्यादा: हे पान आज काय आहे ते दाखवतं. वर्षाच्या मध्ये उलाढाल दीड कोटींच्या पुढे गेली की हॉटेलला कंपोझिशनमधून बाहेर पडावं लागतं. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीचं बिल आज तपासून निष्कर्ष काढू नका. जेवलात त्याच दिवशी बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटच्या वाटेवरच्या ढाब्यांवर आणि सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत वेगळाच प्रकार होतो: वहीच्या कागदावर बेरीज, खाली "जीएसटी ५%", नंबर नाही, बिलाला क्रमांक नाही. हे कच्चं बिल. त्याला फार पुस्तकी भाषेत बोलायची गरज नाही. "नंबर असलेलं पक्कं बिल द्या, मग जीएसटी देतो" म्हणा. बरेचदा जीएसटीची ओळच गायब होते, आणि त्यातून काय समजायचं ते समजतं. २०० रुपयांच्या आतल्या विक्रीला प्रत्येक वेळी वेगळं बिल द्यायचं बंधन हॉटेलवर नाही, पण गिऱ्हाइकाने मागितलं तर द्यावं लागतं.

आता बाटली. हे तुम्हाला आवडणार नाही, पण २० ची बाटली ४० ला लावली यात हॉटेलची बाजू भक्कम आहे. १२ डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हॉटेलात टेबलावर दिलेली बाटली म्हणजे दुकानातली निव्वळ विक्री नाही. बसायची जागा, वाढप, पंखा, ए.सी. सगळं मिळून ती एक सेवा आहे, म्हणून छापील किमतीचं बंधन तिथे लागत नाही. तिच्यावर जीएसटीही थाळीसारखाच लागतो, म्हणून तुमच्या २,२०० मध्ये ते ८० रुपये धरलेले बरोबरच आहेत. विचारायचं ते एवढंच, की मेनूवर पाण्याचा दर ४० असा छापला होता का. छापला नसेल, तर दर न सांगता दुप्पट लावला, आणि ती हरकत रास्त आहे. तसंच, तुम्ही टेबलावर बसलाच नाहीत, गल्ल्यावरून नुसती सीलबंद बाटली घेऊन बाहेर पडलात, तर तिथे सेवा कुठली? तिथे छापील किंमतच. सगळ्यात सोपा इलाज मात्र आधीचा आहे: वेटरने न विचारता बाटल्या मांडल्या तर झाकण फोडायच्या आत "साधं पाणी आणा" म्हणून परत द्या. झाकण उघडलं की वाद संपला.

परमिट रूम असलेल्या ठिकाणी जेवलात तर आणखी एक बेरीज बघावी लागते. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा वेगळा व्हॅट असतो. म्हणून जेवण २,२०० आणि बिअर ६०० अशा बिलावर जीएसटी ११० च यायला हवा. तो १४० दिसला तर समजा, मशीनमध्ये बिअरलाही जेवणाच्याच कराच्या खात्यात टाकलंय. बहुतेकदा ही लबाडी नसते. नवा ब्रँड यादीत भरताना कराचा खण चुकीचा निवडलेला असतो. पण म्हणून तुम्ही तो भरायचा, असं नाही.

पार्सलच्या डब्याचे १०-२० रुपये आणि त्यावर ५ टक्के, यात कराच्या बाजूने विचारण्यासारखं काही नाही. तेही कलम १५ मध्येच बसतं. डब्याचा दर आधी सांगितला होता का, एवढंच बघा. 'राउंड ऑफ' चे चाळीस-पन्नास पैसे सोडून द्या.

आता गल्ल्यावर नेमकं कसं वागायचं. वेळ फार महत्त्वाची आहे. बिल छापून टेबलावर येतं तेव्हा ते मशीनमध्ये अजून 'सेटल' झालेलं नसतं. त्या टप्प्यावर सर्व्हिस चार्ज काढून दुसरं बिल छापणं गल्ल्यावरच्या माणसाला अगदी सोपं असतं. एकदा तुम्ही यूपीआय केलं आणि बिल सेटल झालं, की ते उघडायला बहुधा मालकाचा किंवा मॅनेजरचा पासवर्ड लागतो, दिवसाचा हिशेब बदलतो, आणि "आता सिस्टीममध्ये होत नाही" हे उत्तर खरंच खरं असतं. म्हणून फोन बाहेर काढायच्या आधी बोला. वेटरशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं, कॅप्टनला किंवा मॅनेजरला बोलवा आणि एकच वाक्य म्हणा: "सर्व्हिस चार्ज आम्हाला द्यायचा नाही, तो काढून नवीन बिल छापून द्या." कारण सांगत बसू नका. सेवा वाईट होती का, मटण खारट होतं का, या चर्चेत शिरलात की ऐच्छिक गोष्टीला कारण द्यावं लागतं असं तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं.

त्याने "काढता येत नाही, कंपल्सरी आहे" म्हटलं, तर आवाज न चढवता म्हणा, "मग बिलावर तसं लिहून सही करा." सहसा तिथेच ओळ निघते. लिहूनही देत नाही, काढतही नाही, आणि सोबत म्हातारी माणसं, लेकरं ताटकळत उभी आहेत, तर पैसे द्या. बाबांचं "तमाशा नको" यात गैर काही नव्हतं. फक्त देताना बिलाच्या तुमच्या प्रतीवर "सर्व्हिस चार्ज हरकत नोंदवून दिला" असं लिहून तारीख-वेळ टाका, मॅनेजरसमोर त्याचा फोटो काढा. मेनूच्या ज्या पानावर तळाशी सर्व्हिस चार्जची ओळ आहे त्या पानाचाही फोटो घ्या. ज्या मेनूच्या जोरावर तो घेतो, तोच मेनू सर्व्हिस चार्ज सगळ्यांना सरसकट लावला जातो याचा तुमचा पुरावा आहे.

तुमचं आता काय? पैसे दिले म्हणजे हक्क सोडला असं होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, व्हॉट्सअ‍ॅप ८८००००१९१५, नाहीतर consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. बिल आणि पैसे दिल्याचा यूपीआयचा स्क्रीनशॉट जोडा. मजकूर लांबवू नका, हॉटेलचा उद्धटपणा, वाट बघायला लागलेला अर्धा तास, हे सगळं बाहेर ठेवा. इतकं पुरे:

"अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या बिलात २,२०० रुपयांच्या जेवणावर आम्हाला न विचारता १० टक्के सर्व्हिस चार्ज २२० रुपये लावला आणि त्या बेरजेवर जीएसटी आकारला. तो ऐच्छिक असल्याचे सांगितले नाही. मॅनेजरने तो सर्वांकडून घेतो असे सांगितले. ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २२० रुपये व त्यावरील जीएसटी ११ रुपये, एकूण २३१ रुपये परत मिळावेत."

हेल्पलाइन ही निवाडा करणारी यंत्रणा नाही. ती तक्रार हॉटेलकडे पाठवते आणि तडजोड घडवायचा प्रयत्न करते. २३१ रुपयांच्या प्रकरणात एवढ्याने काम होण्याची शक्यता बरी असते. नाहीच झालं तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येतं. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण फी नसली तरी तारखांना जायचा वेळ तुमचाच जातो. एका जेवणासाठी मी ते सुचवणार नाही. त्याच हॉटेलात आठवड्याला ऑफिसच्या पार्ट्या होत असतील आणि दर वेळी हेच घडत असेल, तर गोष्ट वेगळी. हेच हॉटेल सगळ्यांकडून सर्रास घेतंय अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. त्याच सूचनांमध्ये तशी सोय आहे.

इथे एक चूक फार जण करतात: सर्व्हिस चार्जची तक्रार घेऊन जीएसटी कार्यालयात जातात. तिथे सांगतात, आमच्याकडे हा विषय येत नाही, आणि ते बरोबरच असतं. ग्राहकाची बाब ग्राहक यंत्रणेकडे. कंपोझिशनमध्ये असून कर घेतला, रद्द नंबरवर बिल दिलं, साध्या रेस्टॉरंटने १८ टक्के लावले, या मात्र कराच्या बाबी. त्या राज्य वस्तू व सेवा कर विभागाकडे न्यायच्या, सोबत बिल आणि त्या दिवशीचा पोर्टलचा स्क्रीनशॉट. दोन्ही प्रकार एकाच बिलात असतील तर दोन वेगळ्या तक्रारी करा.

तुमचा पहिला टप्पा घरी बसल्या होईल: बिलावरचा नंबर पोर्टलवर टाकून बघा. Regular आलं तर १९१५ वर २३१ रुपयांची तक्रार. Composition आलं तर करापोटी घेतलेले सगळे १२१ परत मागायचे आणि सर्व्हिस चार्जचे २२०, मिळून ३४१, आणि त्यातली १२१ ची गोष्ट कर विभागालाही कळवायची. हॉटेलवाल्याचा फोन येईल, "साहेब, पैसे परत पाठवतो, तक्रार मागे घ्या." घ्यायला हरकत नाही. फक्त आधी खात्यात किती जमा झाले ते बघा. बहुतेक जण २२० च पाठवतात.